एच. पायलोरी परत आला की गेलाच नव्हता? किटच्या गोळ्या अर्ध्यावर सोडलेल्यांसाठी

प्रश्न : वय ३९, निपाणीजवळ राहतो, किराणा दुकान आहे. दोन वर्षांमागं दुर्बिणीच्या तपासणीत ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात, अल्सर निघाला, एच. पायलोरी पॉझिटिव्ह. किटच्या गोळ्या सुरू केल्या, पण तोंड कडू व्हायला लागलं, पोट बिघडलं आणि दुखणंही थांबलं, म्हणून सहाव्या दिवशी सोडल्या. आता दोन महिने परत दुखतंय, रोज पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी घेतोय. रक्ताच्या तपासणीत एच. पायलोरी परत पॉझिटिव्ह. मेडिकलवाला म्हणतो तेच किट परत घ्या. एका जंतूसाठी इतक्या गोळ्या कशाला? एकच भारी अँटिबायोटिक चालत नाही का? आणि बायको-पोरांची तपासणी करायची का?

उत्तर : तेच किट परत घेऊ नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं सावकाश वाचा.

मी बेळगावात पोटविकारांची प्रॅक्टिस करतो. निपाणी, संकेश्वर, खानापूर, चिकोडी या बाजूचे पेशंट रोज असतात आणि तुमच्यासारखी गोष्ट आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तुमची खरी अडचण गोळ्यांची संख्या नाही. आज या घडीला जंतू तुमच्या पोटात आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही, आणि ज्या रिपोर्टवर सगळे विसंबलेत तो रिपोर्ट ते सांगूच शकत नाही.

रक्तात तपासतात त्या अँटिबॉडी. जंतूशी शरीराची गाठ पडली होती, एवढाच त्यांचा अर्थ. तुम्ही दुकानदार आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. उधारी फिटली तरी वहीतलं नाव काही पुसलं जात नाही. जंतू पूर्ण गेल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने, कधीकधी वर्षानुवर्षं रक्तात सापडतात. त्यात भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. त्यामुळे औषध घेऊन झालेल्या माणसाची अँटिबॉडी तपासणी म्हणजे पैसे वाया. तुमच्या बाबतीत जंतू अजून असण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण सहा दिवसांत तो बहुतेकदा जात नाही. पण 'शक्यता जास्त' एवढ्यावर मी दुसऱ्यांदा अँटिबायोटिक देत नाही. दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं असू शकतं, कंबरदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांचंही असू शकतं. दुकानात दिवसभर उभं राहून कंबर धरते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा तसलंच काही अधूनमधून घेत असाल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अल्सरची दोन मोठी कारणं आहेत, हा जंतू आणि या वेदनाशामक गोळ्या. दोन्ही एकत्र आली तर धोका आणखी वाढतो.

मिरचीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत याचं कौतुक वाटलं, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ठेच्याला शिव्या देतच आत शिरतो. तिखटानं दुखणाऱ्या पोटात जळजळ वाढते, पण अल्सर तिखटानं होत नाही. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू पहिल्यांदा वाढवून दाखवला, तोवर जगभरचे डॉक्टरही काळजी, तिखट आणि ॲसिड यांच्यावरच खापर फोडत होते. इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगेल हे कुणाला पटत नव्हतं. शेवटी १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचा रस्सा प्यायला आणि काही दिवसांत त्याला जठराची सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्या भागात साठी-सत्तरीच्या काही माणसांच्या पोटावर बेंबीच्या वर उभा, लांब टाक्यांचा व्रण दिसतो. त्यातले कितीतरी व्रण अल्सरच्या जुन्या ऑपरेशनचे आहेत. आज त्यांना दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरल्या असत्या.

जंतू राहतो जठरात आणि अल्सर होतो पुढच्या आतड्यात, हे कसं? जंतू जठराच्या खालच्या टोकाला सूज आणतो. ॲसिड पुरे झालं, आता थांबा, असं सांगणारी यंत्रणा तिथंच असते. सुजेमुळे ती ढिली पडते आणि जठर गरजेपेक्षा जास्त ॲसिड सोडत राहतं. ते ॲसिड ड्युओडेनममध्ये उतरतं, तिथलं अस्तर हळूहळू जठरासारखं बनतं, मग जंतू त्यावरही बस्तान बसवतो आणि शेवटी जखम होते. पित्ताची गोळी ॲसिड कमी करते, म्हणून जखम भरते, दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं बरा झालो. जंतू तिथंच असतो. सहाव्या दिवशी तुमचं दुखणं थांबलं ते यामुळेच. जंतू राहिला तर पुढच्या वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परततो, आणि जंतू खरोखर गेला तर तो क्वचितच परततो. या एका फरकासाठी एवढा सगळा आटापिटा आहे.

आता तपासणी. आज जंतू आहे का हे सांगणाऱ्या तीन तपासण्या व्यवहारात आहेत. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेणं ही एक. श्वासाची तपासणी दुसरी आणि शौचातला जंतूचा अंश शोधणं ही तिसरी. पहिल्या दोन्ही जंतूच्या एकाच खोडीवर चालतात. ॲसिडमध्ये तगून राहण्यासाठी हा जंतू युरिया फोडून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवती ॲसिड मारणारं कवच उभं करतो. दुर्बिणीच्या वेळी तांदळाच्या कणीएवढा तुकडा आम्ही पिवळ्या रंगाच्या, युरिया घातलेल्या छोट्या जेलमध्ये दाबतो. जंतू असेल तर अमोनिया होतो आणि पिवळा रंग बदलून राणी कलर येतो, कधी पाच मिनिटांत, कधी तासाभरात. श्वासाच्या तपासणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया कॅप्सूलमधून किंवा पाण्यातून उपाशीपोटी देतात आणि थोड्या वेळानं फुंकर मारायला लावतात. जंतूनं युरिया फोडला असेल तर तो खुणेचा कार्बन श्वासात सापडतो. तुमच्यासाठी मी हीच निवडली असती. ती सगळीकडे होत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. होत नसेल तर शौचाची अँटिजेन तपासणीही चांगली आहे, फक्त नमुना थंड ठेवून वेळेत लॅबला पोचला पाहिजे. आणि ती अँटिजेन आहे, अँटिबॉडी नाही, हे चिठ्ठीवर एकदा वाचून घ्या.

इथं एक मेख आहे, आणि ती मी स्वतः महागात शिकलो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पंचेचाळिशीचा एक ड्रायव्हर आला, रात्री भाजीचा टेंपो चालवणारा. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगतो. रात्री दोनच्या सुमाराला बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखायचं, गाडी बाजूला लावून दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं. दुर्बिणीत ड्युओडेनमच्या तोंडाशीच साधारण आठ मिलिमीटरचा अल्सर. तुकडा जेलमध्ये टाकला, तासभर पाहिलं, पिवळा तो पिवळाच. मी त्याला सांगितलं की जंतू नाही, आणि सहा आठवडे पित्ताची गोळी दिली. तो बरा झाला. आठ महिन्यांनी त्याला उचलूनच आणलं. दोन दिवस डांबरासारखी शौच, चक्कर, हिमोग्लोबिन ७.२. अल्सर त्याच जागी, या वेळी रक्त पाझरत होतं.

रक्ताची पिशवी लावल्यावर मी जुना कागद काढला. पहिल्या तपासणीआधी महिनाभर तो गावातल्या दवाखान्यातून पँटोप्राझोल घेत होता. मी विचारलंच नव्हतं. या गोळ्या चालू असल्या की जंतूंची संख्या घटते, उरलेले जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागात सरकतात, आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. मी तुकडा फक्त खालून घेतला होता. रक्तस्राव चालू असतानाही ही जेलची तपासणी फसते, म्हणून दुसऱ्या वेळी खालचे आणि वरचे दोन्ही तुकडे पॅथॉलॉजीला पाठवले. वरच्या तुकड्यांत जंतू सापडले, थोडेच, पण होते.

तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे. पित्ताची गोळी चालू असताना रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर खरा धरायचा, निगेटिव्ह आला तर त्याच्यावर काहीच ठरवायचं नाही. तपासणीआधी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी जे चालू असेल ते दोन आठवडे बंद हवं. कुठलंही अँटिबायोटिक आणि बिस्मथ हे पोटाचं औषध चार आठवडे बंद हवं. या दोन आठवड्यांत जळजळ उसळते, त्यासाठी पातळ अँटासिड चालतं. मात्र तुम्हाला पूर्वी कधी रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर पँटोप्राझोल स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच करा.

आता तुमचा मूळ प्रश्न, एकच भारी गोळी का नाही. या जंतूच्या बाबतीत 'भारी' असं काही नसतंच. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्याला मारणारी अँटिबायोटिक बरीच आहेत, पण पोटात तीच एकेकटी दिली की बहुतेकदा हरतात. पहिलं कारण ॲसिड. अमॉक्सिसिलिन फक्त वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या जंतूला मारतं. जास्त ॲसिडमध्ये जंतू जिवंत असतो, पण दुभंगत नाही, झोपल्यासारखा पडून राहतो. क्लॅरिथ्रोमायसिनचाही जोर ॲसिडमध्ये कमी होतो. म्हणून किटमधली पित्ताची गोळी दुखणं थांबवायला नसते. ती ॲसिड खाली आणून जंतूला जागं करते, तेव्हा कुठं अँटिबायोटिकचा वार लागतो. ती दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. दुखत नाही म्हणून तेवढी वगळणारे पेशंट मी पाहिलेत. त्यांनी बाकीच्या गोळ्याही फुकटच खाल्ल्या म्हणायच्या.

दुसरं कारण जंतूची जागा. तो जठरातल्या चिकट थराखाली आणि अस्तराच्या खाचांत दडलेला असतो. काही औषध पोटाच्या पोकळीतून वरून जायला हवं, काही रक्तातून खालून यायला हवं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. पोटात जंतू कोट्यवधी असतात आणि त्यांत एखाददुसरा जन्मतःच एखाद्या औषधाला न जुमानणारा असतो. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देण्यासाठी जंतूच्या जनुकात एका अक्षराचा बदल पुरतो. एकटं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर बाकीचे मरतात, तो एक उरतो आणि मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. समजा असा जंतू कोटीत एक आहे. वेगळ्याच पद्धतीनं मारणाऱ्या दुसऱ्या औषधाला चुकवणाराही कोटीत एकच आहे. मग दोन्ही चुकवणारा सापडायला कोटी गुणिले कोटी जंतू लागतील. (आकडे समजण्यापुरते.) दोन अँटिबायोटिक देतात ती एकमेकांची पाठ राखायला, दुप्पट ताकदीसाठी नव्हे.

आणि म्हणूनच तुमचा सहावा दिवस नडतो. सहा दिवसांत मेले ते लेचेपेचे, उरले असतील ते बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन पचवलेले. तुमचं पहिलं किट नेहमीचंच असेल तर त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असणारच. तोंड कडू होणं ही त्याची ठरलेली खूण आहे. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा हरलं की ते या जंतूवर दुसऱ्यांदा वापरायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. त्यामुळे मेडिकलवाल्याचा सल्ला मला नको वाटतो. शिवाय बरीच किटं सात दिवसांची असतात आणि उपचार चौदा दिवसांचा असतो, हे कुणी सांगतच नाही. एक खोकं संपलं की माणसाला वाटतं कोर्स संपला.

मग दुसऱ्यांदा काय? जंतू आहे असं सिद्ध झालं तर मी सहसा चार औषधांचा कोर्स देतो. पित्ताची गोळी दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चारदा आणि मेट्रोनिडाझोल तीन किंवा चारदा, पूर्ण १४ दिवस. आपल्याकडे जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल घ्यायची सवय घरोघरी आहे, त्यामुळे त्याला न जुमानणारे जंतू भरपूर आहेत. पण पूर्ण मात्रेत, चौदा दिवस आणि बिस्मथच्या जोडीनं दिलं तर तो अडथळा बऱ्यापैकी ओलांडता येतो. बिस्मथला जंतू सरावल्याचं सहसा दिसत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनचा कोर्सही लिहून दिला जातो. मी तो टाळतो, कारण लघवीच्या जळजळीपासून तापापर्यंत सगळ्याला ते वाटलं जातं आणि त्याचा जोर ओसरलाय. शिवाय कुणाला क्षयरोग असेल तर त्याचं निदान या औषधानं लांबतं. किडनी, लिव्हर, इतर चालू गोळ्या यांवर निवड बदलते, म्हणून ही नावं समजून घेण्यासाठी आहेत, मेडिकलमध्ये दाखवायला नाहीत. एक व्यवहारातली अडचण मात्र ध्यानात ठेवा. छोट्या गावात टेट्रासायक्लिन मिळेलच असं नाही, आणि दुकानदार 'एकच असतंय की' म्हणून डॉक्सिसायक्लिन देतो. या जंतूपुरतं ते एकच नाही, त्याचा गुण कमी येतो.

चौदा दिवस सोपे नाहीत, हे मान्यच करतो. मळमळ होते, तोंडाला पितळेची चव येते, जीभ काळी पडते. काय होणार हे आधी माहीत असलं की माणूस कोर्स पुरा करतो, असा माझा अनुभव आहे. त्या ड्रायव्हरला हाच कोर्स दिला होता. चौथ्या दिवशी त्याचा घाबराघुबरा फोन, "डॉक्टर, परत काळं व्हायलंय!" मी विचारलं, चिकट आहे का, घाण वास येतोय का, उभं राहिल्यावर गरगरतंय का? तिन्हींना नाही. बिस्मथनं शौच काळी होते, पण ती नेहमीसारखीच बांधीव असते. रक्ताची काळी शौच डांबरासारखी लिबलिबीत असते, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटते आणि वास घरभर होतो. तशी झाली तर तपासण्यांच्या नादी न लागता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास दूध, ताक, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी नको. बेळगावकडं फेरी झालीच तर कुंद्यालाही हाच नियम. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू बंद. बिडी-सिगारेट असेल तर तीही सोडा, त्यानं अल्सर भरायला वेळ लागतो आणि कोर्स फसण्याचं प्रमाण वाढतं. निपाणीच्या माणसाला तंबाखू सोड म्हणणं मला अवघड जातं, तरी म्हणतो.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून परत श्वासाची किंवा शौचाची तपासणी, पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून. दुखणं थांबलं हा पुरावा नव्हे, ते तुम्ही एकदा अनुभवलंच आहे. अल्सर ड्युओडेनममध्ये असेल आणि दुखणं नसेल तर त्यासाठी पुन्हा दुर्बीण सहसा लागत नाही. जठरातला अल्सर असता तर मी ती आवर्जून केली असती, कारण तिथं कॅन्सर अल्सरसारखा दिसू शकतो. ड्रायव्हरची तपासणी सहाव्या आठवड्यात केली, निगेटिव्ह आली. त्यानंतर तो एकदा आला, मेहुण्याला घेऊन.

बायको-पोरांचं म्हणाल तर इथं डॉक्टरा-डॉक्टरांत मतभेद आहेत. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच घरातून लागतो, त्यामुळे घरात आणखी कुणाला असेल यात नवल नाही. बायकोला पोटाची तक्रार असेल, किंवा दोघांपैकी कुणाच्या घरात जठराचा कॅन्सर झालेला असेल, तर त्या मोठ्या माणसाची तपासणी जरूर करा. मुलांना काही त्रास नसेल तर मी तपासत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन वर्षांपूर्वीचा दुर्बिणीचा रिपोर्ट न्या. आणि त्या किटमधल्या उरलेल्या गोळ्या घरात कुठं डब्यात असतील तर खाऊ नका, पण टाकूही नका. रिकाम्या पट्ट्यांसकट घेऊन जा. पुढची जोडी कुठली द्यायची हे पट्टीमागची नावं बघूनच ठरतं.